रॉयल्टी शून्य, मग कंपनी कमावते कुठून?

*नमस्कार. वडील एसटीतून निवृत्त झालेत. त्यांच्या पैशातून स्टँडजवळ चहाची फ्रँचायझी घ्यायचं घरात चाललंय. कंपनी पुण्याची आहे, अमृततुल्यच्या धर्तीवरचा चहा. फी 3 लाख अधिक जीएसटी. काउंटर, मशीन, फर्निचर, बोर्ड सगळं त्यांच्याकडूनच, त्याचे 5 लाख. करार 5 वर्षांचा. पावडर आणि मसाला त्यांचाच घ्यायचा, पावडर 560 रुपये किलो. रॉयल्टी शून्य. गाळ्याचं भाडं 15 हजार. मी स्वतः बसणार आणि दोन पोरं ठेवणार. रोज 600 कप जातील असं ते म्हणतात. चहा तर मलाही करता येतो, मग हे 3 लाख नेमके कशाचे? आणि रॉयल्टी नाही म्हणजे आपला फायदाच ना? रविवारपर्यंत 50 हजार टोकन भरायला सांगतायत.*

*– एक वाचक, जि. सातारा*

नमस्कार. आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो, कारण त्याचं उत्तर मिळालं की पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच येतं.

फ्रँचायझी देणारी कंपनी चार ठिकाणी कमावू शकते. सुरुवातीची फी, दुकान उभं करून देण्यातला नफा, दर महिन्याच्या विक्रीवरची रॉयल्टी आणि तुम्हाला विकलेल्या मालातला नफा. जिथे रॉयल्टी नसते, तिथे बाकीच्या तिघांतून ती वसूल होत असते. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. कंपनीला ऑफिस चालवायचंय, माणसं पोसायची आहेत, पैसा कुठून तरी यायलाच हवा. फक्त तो कुठून येतो हे तुम्हाला आकड्यात माहीत असलं पाहिजे.

तुमच्या पावडरचंच बघू. साधारण एका कपाला अडीच ग्रॅम पावडर लागते, म्हणजे एका किलोत 400 कप. रोज 600 कप म्हणजे महिन्याला 18 हजार कप आणि 45 किलो पावडर. आता तुमच्याच गावातल्या चहाच्या होलसेल दुकानात जा, टपरीवाले आणि हॉटेलवाले नेतात त्या चांगल्या सीटीसी पावडरचा भाव विचारा, आणि पाव किलो घरी आणून कंपनीच्या पावडरशेजारी उकळून बघा. समजा तुमच्या जिभेला पटणारी पावडर 340 रुपयांत मिळाली. मग किलोमागे 220 रुपये जास्त जातायत. 45 किलोवर ते झाले 9,900 रुपये. तुमची महिन्याची विक्री 10 रुपये कपाने 1 लाख 80 हजार. म्हणजे शून्य म्हणून सांगितलेली रॉयल्टी प्रत्यक्षात साडेपाच टक्के निघाली. 340 हा आकडा मी धरलेला आहे, तुम्ही तुमचा टाका. हिशेबाची रीत हीच.

साडेपाच टक्के जास्त आहेत का? एवढ्यावरून मी तसं म्हणणार नाही. सबवेसारखी कंपनी अमेरिकेत विक्रीच्या 8 टक्के रॉयल्टी आणि वर साडेचार टक्के जाहिरातीसाठी घेत आली आहे. फरक असा की तिथे तो आकडा करारात लिहिलेला असतो आणि वाढवायचा झाला तर कराराच्या चौकटीत वाढवावा लागतो. तुमच्या करारात बहुधा ‘पावडरचा दर कंपनी वेळोवेळी ठरवेल’ अशी एक ओळ असेल. त्या एका ओळीने कंपनी साडेपाचाचे आठ टक्के कधीही करू शकते, आणि तेव्हा ‘रॉयल्टी वाढवली’ असं कुणी म्हणणारही नाही. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर शून्य रॉयल्टीवर खूश होण्याऐवजी पावडरच्या दराला लगाम घालणारं कलम मागितलं असतं: वर्षातून एकदाच दरवाढ, आणि तीही अमुक टक्क्यांच्या आत.

कंपनीचं पोट कशावर भरतं यावरून ती पुढची पाच वर्षं तुमच्याशी कशी वागेल हे ओळखता येतं, म्हणून यावर जरा थांबतो. जिची मुख्य कमाई फी आणि फर्निचरमधून होते, तिला नवी दुकानं उघडत राहणं भाग असतं. तुमचं दुकान उघडलं त्या दिवशी तिचे पैसे वसूल झालेले असतात, नंतर ते चाललं काय आणि बंद पडलं काय. जिची कमाई महिन्याच्या पावडरीतून किंवा रॉयल्टीतून होते, तिला तुमचे कप विकले जायला हवे असतात, त्यामुळे विक्री घसरली की तिचा माणूस येऊन बघतो. मॅकडोनल्ड्सने 1956 मध्ये जागा स्वतःच्या ताब्यात घेऊन त्या फ्रँचायझीधारकांना भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि भाडं विक्रीशी जोडलं. तिची खरी ताकद तिथून आली, आणि दुकान चालण्यात कंपनीचा स्वार्थही तिथूनच पक्का झाला. अर्थात रॉयल्टीवाली कंपनीसुद्धा संपूर्ण तुमच्या बाजूची नसते. रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नाही. ‘एकावर एक फ्री’ केल्याने तिची विक्री वाढते आणि तुमचं दूध जातं.

तुमच्या कंपनीचा तोल कुठे आहे? तिला तुमच्याकडून पहिल्या दिवशी 3 लाख आणि फर्निचरमधला नफा मिळणार, आणि नंतर महिन्याला अंदाजे 9,900 मधला काही भाग. फर्निचरमधला नफा किती, हेही तपासता येतं. मशीन, काउंटर, बोर्ड यांची यादी मापांसकट मागा आणि ती साताऱ्यातल्या किंवा कराडच्या फॅब्रिकेशनवाल्याला दाखवून कोटेशन घ्या. 5 लाखांचं काम तो साडेतीनात देत असेल, तर फी 3 लाखांची नसून साडेचार लाखांची आहे असं समजा.

आता ते 3 लाख कशाचे.

सगळ्यात आधी ते नाव वापरण्याच्या परवानगीचे. नाव तुम्ही विकत घेत नाही, 5 वर्षं वापरायला घेता. करार संपला की बोर्ड उतरवायचा. त्यामुळे ते नाव मुळात कंपनीचं आहे का, हे टोकनच्या आधी बघायचं. ट्रेडमार्क नोंदणीची माहिती ipindia.gov.in या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येते. खाण्यापिण्याच्या दुकानांसाठी वर्ग 43 आणि चहा पावडरसाठी वर्ग 30 मध्ये नाव शोधा. समोर Registered दिसलं तर ठीक. Objected म्हणजे सरकारी परीक्षकानेच हरकत घेतलीय आणि Opposed म्हणजे दुसऱ्या कुणीतरी विरोध नोंदवलाय. नुसता अर्ज केलेली कंपनीही बोर्डावर ‘टीएम’ लिहू शकते, त्याने नोंदणी सिद्ध होत नाही. आणि ‘अमृततुल्य’ हा शब्द पुण्यात कित्येक दशकं शेकडो दुकानांवर आहे, त्यावर कुणा एकाचा हक्क सांगता येणं अवघड. कंपनीचं असेल ते त्याच्या आगेमागे जोडलेलं नाव आणि चित्र. उद्या तुमच्या समोरच दुसऱ्या नावाचं अमृततुल्य उघडलं तर ही फी तुम्हाला त्यापासून वाचवणार नाही.

नाव तुमच्या गावात चालतं का, हा आणखी वेगळा प्रश्न. पुण्यात रांगा लागत असतील, पण तुमच्या स्टँडवर उतरणाऱ्या माणसाने ते नाव ऐकलंय का? महामार्गावर, जिथे अनोळखी माणूस गाडी थांबवतो, तिथे ओळखीच्या बोर्डाला किंमत असते. तालुक्याच्या स्टँडवर रोजचं गिऱ्हाईक चवीला आणि बसायच्या जागेला येतं, आणि आठवड्याभरात तुमच्या हातच्या चहाला ओळखायला लागतं. तिथे नावाची किंमत पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरती असते असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट पद्धतीची. चहा तुम्हाला येतो हे खरंच आहे. पण सकाळी सहाचा, दुपारी चारचा आणि तुम्ही नसताना पोराने केलेला, असे तिन्ही चहा सारखे लागायला हवेत, आणि ते सोपं नाही. किती दुधाला किती पाणी, पावडर कधी टाकायची, किती उकळायचं, उरलेल्याचं काय करायचं, हे मापात बसवून देणं हे कंपनीचं खरं काम आहे. पावडर एकाच ठिकाणाहून घ्यायची सक्तीही याच कारणाने काही अंशी योग्य ठरते. म्हणून विचारा: प्रशिक्षण किती दिवसांचं, पुण्यात की तुमच्या दुकानात, तुमचं एकट्याचं की पोरांचंही? पोरं सहा महिन्यांत बदलतात. नव्या पोराला शिकवायला कंपनी पुन्हा येणार का, आणि त्याचे पैसे घेणार का? उद्घाटनाला कंपनीचा कारागीर किती दिवस थांबणार? हे सगळं तोंडी सांगतात आणि करारात मात्र ‘आवश्यक ते सहकार्य’ एवढंच लिहिलेलं असतं. दिवस, माणसं आणि खर्च कुणाचा हे आकड्यात लिहून घ्या.

तिसरी गोष्ट हद्दीची. तुमच्या किती अंतरात दुसरी शाखा देणार नाही? ‘2 किलोमीटर’ लिहिलं असेल तर रस्त्याने की सरळ रेषेत? तुमचं गाव लहान आहे, म्हणून मी किलोमीटरऐवजी ‘नगरपालिकेच्या हद्दीत आणि स्टँड परिसरात दुसरी शाखा, हातगाडी किंवा किऑस्क नाही’ असं लिहून मागेन. नव्या दुकानांवर जगणाऱ्या कंपनीला हे कलम नकोसं असतं. ती कशी प्रतिक्रिया देते त्यावरूनही बरंच कळेल.

आता हा सगळा पैसा तुमच्या गल्ल्यात कसा बसतो ते बघू. 10 रुपयांच्या कपात दूध साधारण 3 रुपयांचं (60 रुपये लिटर, पाणी घालून लिटरमागे 20 कप), पावडर 1 रुपया 40 पैशांची, साखर, गॅस, मसाला, कागदी कप मिळून आणखी 1 रुपया 60 पैसे. झाले 6. कपामागे 4 रुपये उरले. 18 हजार कपांवर 72 हजार. त्यातून भाडं 15 हजार, दोन पोरांचे 12-12 हजार धरून 24 हजार, लाइट-पाणी-किरकोळ 5 हजार. हातात 28 हजार.

हा आकडा ऐकून घरात सगळे खूश होतात आणि हिशेब इथेच थांबवतात. पण 3 लाखांवर 18 टक्के जीएसटी लागून फी झाली 3 लाख 54 हजार, आणि चहाच्या दुकानाला 5 टक्क्यांच्या जीएसटीत आधी भरलेला कर वजा मिळत नाही, त्यामुळे ते 54 हजार गेले ते गेलेच. 5 वर्षांत वाटली तर फी महिन्याला 5,900 पडते. फर्निचर-मशीनचे 5 लाख (जीएसटी धरूनच आहेत का ते विचारा) महिन्याला 8,300 च्या आसपास. दोन्ही वजा केल्यावर उरतात 13,700 ते 13,800. हा तुमचा नफा नव्हे, तुमचा पगार आहे. तुम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानात असणार त्याचा. ठेवलेल्या पोरापेक्षा दीड-पावणेदोन हजार जास्त. शिवाय रोज 600 कप म्हणजे वर्षाला 21 लाख 60 हजारांची उलाढाल. 20 लाखांच्या वर गेलात की जीएसटी नोंदणी आली, आणि 10 रुपयांच्या कपातून जवळपास 48 पैसे सरकारचे. कप 10 चाच ठेवलात तर त्या 13 हजारांतलेही 8 हजारांच्या वर तिकडे जातील.

दुसरी बाजू बघा. 600 ऐवजी 450 कप गेले तर? 13,500 कपांवर 54 हजार, खर्च 44 हजार, हातात 10 हजार. फी आणि फर्निचरचे महिन्याचे 14 हजार त्यातून निघत नाहीत, म्हणजे वडिलांचे पैसे हळूहळू झिजतायत आणि तुमचा पगार शून्य. गल्ल्यात मात्र रोज साडेचार हजार दिसतात, त्यामुळे हे झिजणं पहिलं वर्षभर कळतही नाही. कळतं ते मशीन बदलायची वेळ येते तेव्हा. खारी, क्रीमरोल, बनमस्का यांची जोड दिलीत तर चित्र सुधारतं, आणि म्हणून हेही विचारा की कंपनी तुम्हाला बाहेरची बेकरी ठेवू देते की तीही तिच्याकडूनच घ्यायची. बऱ्याचदा टपरीचा खरा नफा तिथेच असतो.

म्हणजे सगळं येऊन थांबतं ते त्या 600 वर, आणि तो आकडा कंपनीच्या माणसाचा आहे. तो पडताळायला एक साधा मार्ग आहे. कंपनीने दाखवलेल्या दुकानात जाऊ नका, ते चांगलंच चाललेलं असणार. तुमच्याएवढ्या गावातली तिची दोन-तीन दुकानं शोधा, आणि त्यात एखादं बंद पडलेलंही. चालू दुकानात ‘कप किती जातात’ विचारू नका, कुणी खरं सांगत नाही. ‘दूध किती लिटर लागतं’ आणि ‘पावडर महिन्याला किती किलो मागवता’ एवढं सहज विचारा. रोज 30 लिटर दूध म्हणजे 600 कप. 18 लिटर असेल तर 360. दूधवाल्याकडूनही हे कळतं. आणि ज्याने बंद केलं त्याला विचारा: पावडरचा भाव कितीदा वाढला, अडचण आली तेव्हा कंपनीचा माणूस आला का, आणि मशीन परत घेतलं का, घेतलं तर किती रुपयांना.

अमेरिकेत ही माहिती कंपनीलाच द्यावी लागते. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार करार किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी एक माहितीपत्र हातात द्यावं लागतं. त्यात सगळी देणी, बंद झालेल्या दुकानांची संख्या, सोडून गेलेल्या फ्रँचायझीधारकांचे संपर्क असतात. कमाईचा दावा करायचा असेल तर त्याला आधारही तिथेच द्यावा लागतो. भारतात फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. आपल्याकडे 1872 चा करार कायदा, ट्रेडमार्क कायदा आणि तुम्ही सही केलेला कागद. त्यामुळे जे कायदा तिथे मागून देतो ते इथे तुम्हालाच मागावं लागतं. ‘गेल्या तीन वर्षांत किती शाखा उघडल्या, किती बंद झाल्या, त्यांची यादी द्या’ असं ईमेलवर लिहा. व्हॉट्सअॅप कॉलवर मिळालेलं उत्तर उपयोगाचं नाही.

बाहेर पडायचं कलमही वाचा. पाच वर्षांआधी बंद केलं तर दंड किती, दुकान दुसऱ्याला देता येईल का आणि त्याची हस्तांतरण फी किती, सहाव्या वर्षी नूतनीकरणाला पुन्हा 3 लाख का? करारात बहुतेक वेळा ‘करार संपल्यावर दोन वर्षं चहाचा धंदा करणार नाही’ असं लिहिलेलं असतं. करार चालू असताना दुसऱ्याचा तसाच धंदा करू नये ही अट चालते; 1995 मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या फ्रँचायझीच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. पण करार संपल्यानंतरही धंदा बंद ठेवण्याची सक्ती करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. कंपनीचं नाव, रंग, मसाल्याचं गुपित वापरता येणार नाही, चहा विकता येईल. तरी तंटा झाला तर कुठल्या शहरात आणि कुणापुढे, हे कलम वकिलाला दाखवा. पुण्याला तारखा करणं तुम्हाला महाग पडेल.

माझं मत विचाराल तर, आहे त्या अटींवर हा सौदा तुमच्या बाजूने झुकत नाही. गाळा हातात आहे, तुम्ही स्वतः बसणार आहात, चहा येतो. तेच दुकान स्वतःच्या नावाने काढलंत तर फीचे 3 लाख 54 हजार वाचतात, पावडरमध्ये महिन्याला काही हजार वाचतात, आणि फर्निचर तुमच्या ऐपतीप्रमाणे करता येतं. चवीची मापं बसवायला दोन-तीन महिने जातील आणि काही दूध वाया जाईल, तो तुमचा प्रशिक्षणाचा खर्च. फ्रँचायझी मी तेव्हाच घेईन जेव्हा ट्रेडमार्क नोंदलेला असेल, तुमच्याएवढ्या गावातल्या दोन दुकानांचं दूध 30 लिटरच्या आसपास निघेल आणि कंपनी फी दोन हप्त्यांत घ्यायला तयार होईल: अर्धी करारावर, अर्धी दुकान सहा महिने चालल्यावर. लहान कंपन्यांशी यावर बोलणी होऊ शकतात, विचारायला हरकत नाही.

रविवारी टोकन भरू नका. ते फारच मागे लागले तर आधी कराराचा मसुदा मागवा, आणि ‘मसुदा मान्य न झाल्यास 50 हजार रुपये 15 दिवसांत पूर्ण परत’ अशी ओळ कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घ्या. पैसे चेकने किंवा कंपनीच्याच खात्यावर पाठवा, विक्री प्रतिनिधीच्या यूपीआयवर नको. मसुदा आला की त्यातलं पावडरच्या दराचं, हद्दीचं आणि मुदतीआधी बंद करण्याचं अशी तीन कलमं मला पाठवा, मी बघून सांगतो.